रजिस्टरातल्या चार वेळा आणि संध्याकाळी पाचचा प्रोसेसर

प्रश्न: आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्यांचं रजिस्टर अजून हातानंच लिहितात. नमुना कधी घेतला, आम्हाला कधी मिळाला, प्रोसेसिंगला कधी लागला आणि रिपोर्ट कधी गेला, या चार वेळा शीटमध्ये आणून उशीर नेमका कुठे होतो ते शोधायचंय. टायपिंग सुरू केलंय, पण आकडे काहीतरीच येतायत. कसं करू?

उत्तर:

टायपिंग दोन दिवस थांबवा. आकडे काहीतरीच येतायत त्यातला निम्मा दोष शीटचा असेल आणि तो तासाभरात निघेल. उरलेला निम्मा मात्र रजिस्टरात आहे. रजिस्टरातली वेळ म्हणजे कुणीतरी पेन उचललं ती वेळ, आणि घटना घडली ती वेळ याहून बरीच वेगळी असू शकते. म्हणून आधी चारही रकान्यांसमोर एकेक घटना नक्की करा.

"घेतला" म्हणजे ऊतक शरीरातून निघून फॉर्मॅलिनमध्ये पडलं तो क्षण. ही वेळ तुमच्या रजिस्टरात बहुधा नसतेच, नमुन्याबरोबर आलेल्या फॉर्मवर असते. तिथेही अनेकदा फक्त तारीख असते. "मिळाला" म्हणजे डबी खिडकीवर आली, लेबल आणि फॉर्म जुळवून आपण ती ताब्यात घेतली तो क्षण. नंतर सवडीनं नोंद लिहिली ती वेळ इथे चालत नाही. हे ओळखायचं कसं? रजिस्टराचं पान उघडा. सलग आठ-दहा नोंदींवर एकच वेळ आणि एकाच शाईतलं, एकाच झोकातलं अक्षर दिसलं की समजा, डब्या सकाळपासून ट्रेमध्ये साठल्या आणि नोंदी एका बैठकीत झाल्या. अशा पानावरची "मिळाला" वेळ खरी धरू नका, शेऱ्याच्या रकान्यात "एकत्र नोंद" असं लिहून ठेवा. पुढे हिशेब करताना या ओळी वगळून एकदा आणि धरून एकदा पाहता येतील.

"प्रोसेसिंग" या शब्दाखाली तर तीन वेळा लपलेल्या असतात: ग्रॉसिंग म्हणजे नमुना पाहून त्याचे काप कॅसेटमध्ये भरून झाले ती, कॅसेट टिश्यू प्रोसेसरमध्ये टाकून मशीन सुरू केलं ती, आणि सकाळी कॅसेट बाहेर काढल्या ती. तिन्ही उपयोगी आहेत, पण एकच निवडायची तर मशीन सुरू झाल्याची निवडा. का ते पुढे येईलच. ती प्रत्येक नमुन्यासमोर शोधायचीही गरज नाही, कारण एका फेरीतल्या साऱ्या कॅसेटसाठी ती एकच असते. प्रोसेसरच्या शेजारी जी वही टांगलेली असते तिच्यातून फेरी क्रमांक आणि वेळ घ्या.

"रिपोर्ट" म्हणजे पॅथॉलॉजिस्टनं रिपोर्ट वाचून सही केली ती वेळ. टाइप झाला ती नव्हे. आणि रजिस्टरात शेवटच्या रकान्यात जी सही असते ती तर मुळीच नव्हे. ती बहुतेक ठिकाणी रिपोर्ट घेऊन जाणाऱ्याची असते. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा तीच तारीख धरली होती. एका बायॉप्सीला बारा दिवस लागल्याचं दिसलं आणि विभागात चांगलाच गोंधळ उडाला. रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी तयार होता, नातेवाईक पुढच्या आठवड्यात न्यायला आले होते.

आता एक ओळ म्हणजे काय, ते ठरवा. एका केसमध्ये तीन डब्या येऊ शकतात, एका डबीतून पाच ब्लॉक निघू शकतात. मी ओळ डबीची ठेवतो. केस क्रमांक एका रकान्यात, डबीचं अक्षर दुसऱ्यात. ब्लॉकपर्यंत खाली उतरलात तर रजिस्टरातून तेवढी माहिती मिळत नाही, आणि फक्त केसवर थांबलात तर उशिरा आलेली तिसरी डबी पहिल्या डबीच्या वेळेत विरघळून जाते. एका डबीचे ब्लॉक दोन फेऱ्यांत गेले असतील तर शेवटची फेरी धरा, कारण रिपोर्ट तिच्यासाठीच थांबलेला असतो. रुग्णाचं नाव शीटमध्ये घेऊ नका. केस क्रमांकावरून रजिस्टराचं पान सापडतं, या कामाला तेवढं पुरे.

रकाने असे लावा. A मध्ये केस क्रमांक, B मध्ये डबी, C मध्ये प्रकार (मी "छोटा", "मोठा", "हाड" एवढेच तीन ठेवतो), D मध्ये रजिस्टराचं पान. E आणि F मध्ये घेतल्याची तारीख आणि वेळ, G आणि H मध्ये मिळाल्याची, I मध्ये प्रोसेसरचा फेरी क्रमांक, J आणि K मध्ये रिपोर्टची तारीख आणि वेळ. हातानं भरायचं ते इथपर्यंत, आणि अगदी शेवटी W मध्ये शेरा. मधलं सगळं सूत्रांनी. फेऱ्यांसाठी `Runs` नावाचं वेगळं पान करा: A मध्ये फेरी क्रमांक, B मध्ये सुरू झाल्याची तारीख-वेळ.

L ते O मध्ये चार पूर्ण तारीख-वेळा तयार होतात:

```
L2: =IF(COUNT(E2:F2)=2,E2+F2,"")
M2: =IF(COUNT(G2:H2)=2,G2+H2,"")
N2: =IFERROR(VLOOKUP(I2,Runs!A:B,2,FALSE),"")
O2: =IF(COUNT(J2:K2)=2,J2+K2,"")
```

`COUNT` ची अट उगाच घातलेली नाही. नुसतं `=E2+F2` लिहिलं आणि वेळेचा खाना रिकामा असला तर शीट तक्रार करत नाही, त्या दिवशीची मध्यरात्र धरते. म्हणजे ज्या फॉर्मवर फक्त तारीख होती ते सगळे नमुने रात्री बारा वाजता घेतलेले दिसतात आणि वॉर्डातून लॅबपर्यंत यायला बारा-चौदा तास लागल्याचं निघतं. वाहतुकीवर खापर फोडणारे कितीतरी तक्ते या एका रिकाम्या खान्यातून जन्माला आलेत. वेळ नसेल तर खाना रिकामाच राहू द्या. "सकाळचीच असणार" म्हणून दहा वाजता टाकू नका.

दुसरा सापळा वेळ लिहिण्याच्या आपल्या सवयीत आहे. आपण चार वाजून चाळीस मिनिटं "4.40" अशी टिंब देऊन लिहितो. शीटमध्ये `4.40` टाकलं की ते दशांश होतं, ४.४. तारखेत एक म्हणजे एक अख्खा दिवस. त्यामुळे १३ जूनला मिळालेला नमुना ४.४ दिवस पुढे सरकून १७ जूनला सकाळी ९:३६ वाजता मिळाल्याचं दिसतं. तुमचे "काहीतरीच" आकडे यातूनच आले असावेत असा माझा दाट संशय आहे. वेळ कोलन देऊन, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे टाका: `16:40`. F, H आणि K या रकान्यांवर डेटा व्हॅलिडेशन लावून किंमत शून्य किंवा जास्त आणि एकपेक्षा कमी असण्याची अट घाला. मग `4.40` आत शिरतच नाही.

तारखेचंही तसंच. `05/06/2024` हा ५ जून की ६ मे, हे शीटच्या लोकेलवर ठरतं. चुकीचं लोकेल असलं तर बारा तारखेपर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात आणि तेराव्या दिवसापासून पुढचे खाने मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की हाच घोळ. `2024-06-05` असं वर्ष पुढे ठेवून टाकलंत तर भानगडच मिटते. आकडे इंग्रजीच ठेवा. रजिस्टरात एकजण मराठी आकडे लिहितो आणि दुसरा इंग्रजी, असं असेल तर मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची गल्लत ठरलेली. ते पान टाइप करण्याआधी ज्यानं लिहिलंय त्याला शेजारी बसवा.

आता अंतरं, तासांत:

```
P2: =IF(COUNT(L2:M2)=2,(M2-L2)*24,"")
Q2: =IF(COUNT(M2:N2)=2,(N2-M2)*24,"")
R2: =IF(COUNT(N2:O2)=2,(O2-N2)*24,"")
S2: =IF(COUNT(M2,O2)=2,(O2-M2)*24,"")
T2: =IF(COUNTIF(P2:S2,"<0")>0,"उलट",IF(COUNT(L2:O2)<4,"अपूर्ण","पूर्ण"))
```

P म्हणजे वाटेत गेलेला वेळ, Q म्हणजे लॅबमध्ये येऊन प्रोसेसरची वाट पाहिलेला, R म्हणजे प्रोसेसरपासून सहीपर्यंतचा. S हा लॅबचा एकूण वेळ, मिळाल्यापासून सहीपर्यंत. रुग्णाच्या नजरेतून पाहायचं तर P आणि S ची बेरीज. P ते S या रकान्यांना साध्या संख्येचा फॉरमॅट द्या, नाहीतर शीट त्यांनाही तारीख समजून १९०० सालच्या आसपासचं काहीतरी दाखवेल.

T मध्ये "उलट" आलेली प्रत्येक ओळ रजिस्टर उघडून तपासा. बहुतेकदा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं रात्रीचा एक दहा झालेला असतो, किंवा तारीख बदलायची राहिलेली असते. पण उलट न दिसणाऱ्या चुकाही असतात, आणि त्या पकडायला केस क्रमांक कामाला येतो. क्रमांक आल्या क्रमानं दिले जातात, म्हणजे ओळी केस क्रमांकानं लावल्या तर "मिळाला" वेळ खाली उतरताना वाढत जायला हवी. जिथे ती मागे जाते तिथे, वरची डबीच नंतर आलेली नसेल तर, काहीतरी चुकलंय:

```
U3: =IF(COUNT(M2:M3)=2,IF(M3<M2,"मागे",""),"")
```

याच तपासणीत सुटलेले क्रमांकही दिसतात. ४१२ नंतर थेट ४१४ असेल तर ४१३ चं काय झालं? नमुना परत पाठवला असेल, नोंद चुकून खोडली असेल, काहीही असो, ४१३ ची ओळ शीटमध्ये हवीच, वेळा रिकाम्या आणि शेरा "परत" किंवा "रद्द". आणि "वरीलप्रमाणे" या अर्थाच्या त्या दोन तिरक्या खुणा! त्या शीटमध्ये कधीच आणू नका. एकदा ओळींचा क्रम बदलला की "वरील" म्हणजे कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हे सगळं झालं की दोन ओळी शेजारी ठेवून पाहायच्या. माझ्या एका शीटमधल्या या दोन. दोन्ही जठराच्या छोट्या बायॉप्सी, दोन्ही १३ जून २०२४ ला, गुरुवारी, वीस मिनिटांच्या अंतरानं घेतलेल्या. फक्त वेळा उतरवतो:

```
      घेतला         मिळाला        प्रोसेसर       रिपोर्ट
क    13 जून 11:40  13 जून 14:10  13 जून 17:00  14 जून 16:50
ख    13 जून 11:20  13 जून 16:35  14 जून 17:00  17 जून 12:15

      P      Q      R      P+Q+R
क    2.50   2.83   23.83   29.17
ख    5.25  24.42   67.25   96.92
```

"ख" नमुना "क" च्या २ तास २५ मिनिटं उशिरा लॅबमध्ये पोचला. आणि घेतल्यापासून मोजलं तर त्याच्या रिपोर्टला जवळजवळ अडुसष्ट तास जास्त लागले. त्या दिवशी कुणी आळस केला नव्हता, कुणी विसरलं नव्हतं. आमचा प्रोसेसर रात्रभराच्या फेरीवर चालतो आणि संध्याकाळी पाचला सुरू होतो. त्यासाठी ग्रॉसिंगचं टेबल साडेतीनला बंद होतं. साडेतीनच्या आत आलेली डबी त्या रात्री मशीनमध्ये जाते, सकाळी ब्लॉक होतात, दुपारी स्लाइड वाचायला जाते. साडेतीननंतर आलेली डबी पुढच्या संध्याकाळपर्यंत शेल्फवर बसते. "ख" चं नशीब असं की ती पुढची संध्याकाळ शुक्रवारची होती. कॅसेट शनिवारी सकाळी निघाल्या, स्लाइड शनिवारी दुपारी तयार झाल्या, आणि सही सोमवारी झाली.

म्हणूनच मी प्रोसेसर सुरू झाल्याची वेळ निवडायला सांगितली. बाकीची कामं थोडी पुढेमागे सरकतात, माणूस घाई करू शकतो. प्रोसेसर मात्र बससारखा आहे, सुटला की सुटला. म्हणून उशीर मिनिटांनी न वाढता एकदम एका दिवसाच्या उडीनं वाढतो, आणि हा प्रकार सरासरीत दिसतच नाही. आमच्या महिन्याच्या सगळ्या छोट्या नमुन्यांची Q ची सरासरी काढली तेव्हा ती अकरा तासांच्या आसपास आली. प्रत्यक्षात अकरा तास थांबलेला नमुना जवळजवळ एकही नव्हता. एक ढीग दोन ते सात तासांचा होता, दुसरा वीस ते सव्वीसचा. मध्ये रिकामं. असे दोन ढीग पडले की मध्यकही फसवतो. मध्यक म्हणजे ओळीत मधोमध उभा राहिलेला आकडा, तो या ढिगात किंवा त्या ढिगात पडतो एवढंच. म्हणून आधी Q चा साधा हिस्टोग्राम काढून बघा, मगच एखादा आकडा तोंडातून काढा.

ढीग दिसले की त्यांना नाव देणारा एक रकाना वाढवा. तुमच्या टेबलाची बंद व्हायची वेळ घाला:

```
V2: =IF(M2="","",IF(MOD(M2,1)<TIME(15,31,0),"वेळेत","नंतर"))
```

१५:३० ऐवजी १५:३१ पेक्षा कमी, असं मुद्दाम लिहिलंय. शीटमध्ये वेळ दशांशात साठते आणि बेरीज-वजाबाकीत शेवटच्या घरात बारीकशी घट-वाढ होते, त्यामुळे बरोबर साडेतीनचा नमुना कधी इकडे, कधी तिकडे पडतो.

मग फिल्टर लावून "नंतर" गटातल्या ओळी पाहा आणि त्यांचा P वाचा. खरा प्रश्न इथे सुटतो. आमच्याकडे "नंतर" गटातले अर्ध्याहून अधिक नमुने दुपारी एकच्या आधी घेतलेले होते. म्हणजे ते वेळेत येऊ शकत होते, पण वॉर्डातून डब्या न्यायला येणारा माणूस शेवटची फेरी सव्वाचारला मारत होता. ती फेरी तीनला ओढली. प्रोसेसर तोच, माणसं तीच. बरेच नमुने एक दिवस अलीकडे आले. तुमच्याकडे कारण वेगळं निघेल. "नंतर" गटातल्या नमुन्यांचा P लहान असेल, म्हणजे ते घेतलेच दुपारी असतील, तर वाहतूक बदलून काही होणार नाही. तिथे विचार करायचा तो प्रोसेसर दोन तास उशिरा सुरू करता येईल का याचा. आणि Q छोटा असून R मोठा असेल तर अडचण प्रोसेसरच्या पलीकडे आहे: कटिंगमध्ये, स्टेनिंगमध्ये, नाहीतर स्लाइड वाचणाऱ्याच्या टेबलावर. चार वेळा त्याच्या आतलं सांगत नाहीत. तेव्हा स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे दिल्याची पाचवी वेळ वाढवावी लागते.

इथे एक इशारा. Q मोठा म्हणजे उशीरच, असं समजू नका. ऊतकाला फॉर्मॅलिन मुरायला वेळ लागतो. ढोबळ अंदाज तासाला एक मिलिमीटरचा धरतात आणि आत जाता जाता वेग मंदावतो. छोटी बायॉप्सी काही तासांत तयार होते, आणि प्रोसेसरची पहिली भांडी सहसा फॉर्मॅलिनचीच असल्यानं तिथेही फिक्सेशन चालूच राहतं. वरच्या "क" नमुन्याला मशीनपूर्वी ५ तास २० मिनिटंच मिळाली होती, तरी तो नीट निघाला तो त्यामुळेच. आख्खं गर्भाशय किंवा स्तनाचा मोठा नमुना मात्र काप देऊन रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये ठेवावाच लागतो. तो त्याच दिवशी मशीनमध्ये घातला तर मध्यभाग कच्चा राहतो, काप फाटतात, आणि सगळं परत करावं लागतं. हाडाला तर डीकॅल्सिफिकेशनचे दिवस वेगळे. म्हणून C रकाना. छोटे, मोठे आणि हाड यांचे आकडे एकत्र कधीच करू नका. नाहीतर कुणीतरी वरून विचारेल, "मोठ्या नमुन्यांचा Q कमी का करत नाही?" आणि आकड्यांच्या धाकानं कच्चे नमुने मशीनमध्ये जायला लागतील.

स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यात तर "घेतला" वेळ रिपोर्टाच्या गुणवत्तेशीच जोडलेली आहे. ईआर, पीआर आणि हर-टू या रिसेप्टर तपासण्यांसाठी एएससीओ आणि सीएपी या अमेरिकी वैद्यकीय संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की नमुना निघाल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि फिक्सेशन ६ ते ७२ तासांच्या दरम्यान व्हावं. फॉर्मवर नुसती तारीख असेल तर यातलं काहीच तपासता येत नाही. अशा नमुन्यांसाठी दोन वेळा वेगळ्या लिहून घ्या, नमुना निघाल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. शनिवार-रविवार धरून पुढे ढकललेला नमुना ७२ तासांच्या बाहेर जातोय का, हेही मग शीटवरच दिसतं. P आणि Q ची बेरीज अंदाजासाठी चालते, पण प्रोसेसरच्या फॉर्मॅलिनमधले तास त्यात नाहीत हे लक्षात ठेवा.

आता रिपोर्ट न झालेल्यांचं. महिनाअखेरीला लोक S रकान्यातल्या भरलेल्या ओळी घेतात आणि "इतके टक्के रिपोर्ट तीन दिवसांत" असं काढतात. समजा महिन्यात ६० छोट्या बायॉप्सी आल्या. ५२ चे रिपोर्ट झाले, त्यातले ४७ तीन दिवसांच्या आत. ५२ नं भागलं तर ९० टक्के. ६० नं भागलं तर ७८. जे आठ अडकलेत तेच सर्वात उशिराचे, आणि तेच हिशेबातून गळतात. भागायचं ते मिळालेल्या सगळ्यांनी, आणि महिना ठरवायचा तो मिळाल्याच्या तारखेवरून, रिपोर्टच्या नव्हे. X1 मध्ये महिन्याचा पहिला दिवस आणि X2 मध्ये पुढच्या महिन्याचा पहिला दिवस ठेवून:

```
=COUNTIFS(M2:M500,">="&X1,M2:M500,"<"&X2,B2:B500,"A",C2:C500,"छोटा",S2:S500,"<=72")
/COUNTIFS(M2:M500,">="&X1,M2:M500,"<"&X2,B2:B500,"A",C2:C500,"छोटा")
```

डबी "A" ची अट घातली की एका रिपोर्टची केस तीन डब्यांमुळे तीनदा मोजली जात नाही. (नंतर वेगळ्या आलेल्या डब्या हातानं बघाव्या लागतात, त्या थोड्याच असतात.) महिना संपल्यावर निदान तीन दिवस थांबूनच हे सूत्र चालवा, आणि T मध्ये एकही "उलट" उरलेली नको, कारण उणे तासही बहात्तरपेक्षा कमीच असतात आणि वेळेत झालेल्यांत मिसळून जातात. सुट्टीचे तास वजा करायचे की नाही, यावर वाद होतोच. मी वजा करत नाही. रुग्ण रविवारीही वाट बघत असतो. मिळाल्याचा वार वेगळ्या रकान्यात काढून ठेवतो, म्हणजे शुक्रवारचे नमुने कसे अडकतात ते आपोआप दिसतं.

टायपिंग किती खात्रीचं आहे हे पाहायला दर दहा पानांतलं एक पान दुसऱ्या माणसाकडून, पहिली शीट न दाखवता, पुन्हा टाइप करून घ्या आणि खाना-खाना ताडून पाहा. माझ्या अनुभवात चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या एखाद्या पानावर, एखाद्याच्या अक्षरात दाटून येतात. तेवढं पान पुन्हा केलं की भागतं. रजिस्टरात खाडाखोड असेल तिथे आधी मूळ काय होतं आणि आपण काय वाचलं, हे दोन्ही शेऱ्यात लिहा. रजिस्टरावर नवीन काहीही गिरवू नका. तो मूळ दस्तऐवज आहे.

शेवटची गोष्ट, जी या शीटमध्ये कितीही नीट भरली तरी दिसणार नाही. तुमचं रजिस्टर नमुना लॅबमध्ये आल्यावर सुरू होतं. जो नमुना वाटेतच हरवला त्याची ओळच नसते, त्यामुळे तो उशिरा आलेल्यांतही मोजला जात नाही. त्यासाठी ओटीची आणि वॉर्डाची पाठवणी वही घ्या, एका आठवड्याच्या पाठवलेल्या नोंदी वेगळ्या पानावर उतरवा, आणि प्रत्येकीला तुमचा केस क्रमांक सापडतो का ते पाहा. पाठवणी वहीत तुमचा क्रमांक नसणार, तेव्हा रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख यांवरून जुळवावं लागेल. हे जुळवणीचं पान वेगळं आणि कुलपात ठेवा. न जुळलेल्या प्रत्येक ओळीसाठी त्याच दिवशी वॉर्डात फोन करा. बहुतेक डब्या कुठल्यातरी फ्रीजच्या वर किंवा नर्सिंग स्टेशनच्या खिडकीत सापडतात, आणि त्यातली एखादी फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये असते.